पावणेतीन तासांचा व्हिडिओ आणि सर्चमधून येणारा माणूस

९ मार्चला मी स्प्रेडशीट शिकवणारा एक सलग व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. लांबी २ तास ४६ मिनिटं. तुकडे करून टाकावा की एकच ठेवावा यावर बराच खल केला आणि एकच ठेवला, कारण उदाहरणाची फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच होती.

१४ मार्चला एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, VLOOKUP ला N/A येतंय. तुमच्या व्हिडिओत आहे का ते? असेल तर कितव्या मिनिटाला?" VLOOKUP हा यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला, आणि ती सापडली नाही की तो N/A असा एरर दाखवतो. व्हिडिओत ते आहे, हे मला माहीत होतं. कितव्या मिनिटाला, ते मात्र सांगता येईना. मीच शिकवलेलं, एडिटही मीच केलेलं, तरी स्लायडर मागेपुढे करत तो भाग सापडायला सहा मिनिटं गेली. तिच्याकडे निदान माझा नंबर होता. गूगलवर तोच प्रश्न टाकणाऱ्या अनोळखी माणसाला पावणेतीन तासांचा एक धोंडा दिसणार, आणि तो पुढे निघून जाणार.

व्हिडिओच्या खालच्या पट्टीचे शीर्षक असलेले तुकडे, म्हणजे चॅप्टर्स, पाडता येतात हे माहीत होतं. गूगलच्या सर्चमध्ये व्हिडिओखाली कधी कधी 'Key moments' म्हणून वेळा आणि छोटी शीर्षकं येतात, त्यावर टिचकी मारली की व्हिडिओ थेट तिथूनच सुरू होतो, हेही पाहिलं होतं. दोन्हींचं मूळ एकच, डिस्क्रिप्शनमधल्या टाइमस्टॅम्पच्या ओळी. अर्ध्या तासाचं काम, असं म्हणून १६ मार्चला बसले आणि हे लिहिलं:

```
0:08 परिचय
4:50 भाग १ : मूलभूत गोष्टी
41:05 भाग २ : फॉर्म्युले
1:22:40 भाग ३ : VLOOKUP
2:01:15 भाग ४ : अडचणी
2:39:00 समारोप
```

सेव्ह केलं, व्हिडिओ उघडला. डिस्क्रिप्शनमधल्या सगळ्या वेळा निळ्या झालेल्या, दाबल्या की व्हिडिओ त्या जागी जातही होता. पण खालची पट्टी सलगच, तिच्यात एकही फट नाही. मला वाटलं थोडा वेळ लागत असेल, म्हणून रात्रभर थांबले. तो वेळ फुकट गेला. लिंक होणं आणि चॅप्टर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती वेळ लिहिली तरी ती निळी होते, चॅप्टर्ससाठी मात्र अटी आहेत: पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात, आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा हवा. माझी यादी 0:08 पासून सुरू होत होती, कारण पहिली आठ सेकंदं नुसतं नाव आणि संगीत आहे आणि ते 'परिचय'मध्ये धरावं असं मला वाटलं नव्हतं.

मग सगळ्यात वर `0:00 सुरुवात` अशी ओळ घातली. तरीही पट्टी सलग! आता 'सुरुवात' आठच सेकंदांची झाली होती आणि दहा सेकंदांची अट मोडत होती. 0:08 ची ओळच उडवली आणि 'परिचय' 0:00 वर नेला, तेव्हा कुठे पट्टीचे तुकडे झाले. तुमच्या वेळा निळ्या होत असतील आणि पट्टी सलग असेल, तर वाट बघू नका. वरच्या चार अटींपैकी एखादी बहुधा मोडलेली असते.

याच वेळी यूट्यूब स्टुडिओत, व्हिडिओच्या तपशिलांमध्ये खाली 'Allow automatic chapters and key moments' असा एक पर्याय असतो, त्याची खूण मी काढून टाकली. तुमची यादी बरोबर असेल तर तीच चालते, त्यामुळे खूण काढलीच पाहिजे असं नाही. पण ती असली की तुमची यादी फसलेली असतानाही पट्टीवर यंत्राने पाडलेले चॅप्टर्स दिसू शकतात, आणि आपलंच चाललं असा समज होतो.

चॅप्टर्स दिसायला लागले म्हणून दिवसभर खुशीत होते. मग विद्यार्थिनीचाच प्रश्न मी स्वतः सर्चमध्ये टाकून पाहिला, आणि माझ्या यादीकडे पहिल्यांदा बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघितलं. 'भाग ४ : अडचणी'. कसल्या अडचणी? ३८ मिनिटांचा तो भाग, आणि त्याच्या शीर्षकात VLOOKUP नाही, N/A नाही, लोक शोधतील असा एक शब्द नाही. ही माझ्या शिकवण्याची अनुक्रमणिका होती. जो पहिल्या मिनिटापासून बसलाय त्याला 'भाग ४' कळतो. सर्चमधून येणाऱ्याने भाग एक ते तीन पाहिलेलेच नसतात.

१८ मार्चला पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आधी शब्द गोळा केले. स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये, प्रेक्षक कुठून आले ते दाखवणाऱ्या भागात 'YouTube search' उघडलं की लोकांनी काय टाइप करून आपला व्हिडिओ गाठला ते दिसतं. माझ्या जुन्या, छोट्या व्हिडिओंची ती यादी अर्धा तास वाचत बसले. मी शिकवताना 'त्रुटी' म्हणते. त्या यादीत 'त्रुटी' एकदाही नव्हतं, सगळीकडे एरर. 'संदर्भ स्थिर करणे' हा माझा आवडता शब्दप्रयोग; लोक लिहितात 'फॉर्म्युला खाली ओढल्यावर चुकतो'. म्हणजे लोकांना झालेला त्रास शोधायचा असतो, त्याचं पुस्तकी नाव त्यांना माहीतच नसतं. माहीत असतं तर व्हिडिओची गरज कशाला पडली असती?

शब्द मिळाल्यावर ३८ मिनिटांचा तो भाग घेऊन बसले. एका चॅप्टरला एकच प्रश्न, एवढा एकच नियम ठेवला. सगळं पुन्हा ऐकावं लागलं. दीडपट वेगाने लावून, हातात वही घेऊन. K दाबलं की थांबतं, J ने दहा सेकंद मागे, L ने दहा सेकंद पुढे. या तीन कळांवर सगळं काम झालं. माउसने पट्टी ओढायला जाऊ नका. इतक्या लांब व्हिडिओत बोट जरासं हललं तरी मिनिटभर इकडेतिकडे होतं.

खरं तर मी आधी आळस केला होता. वेळा एडिटिंगच्या टाइमलाइनवरून उतरवून घ्याव्यात म्हणून तो प्रोजेक्ट उघडला आणि भराभर आकडे लिहून घेतले. शेवटची वेळ आली 3:39:00. व्हिडिओ २ तास ४६ मिनिटांचा! काही सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन शून्यापासून सुरू न होता 01:00:00:00 पासून होते, त्यामुळे माझ्या सगळ्या वेळा बरोबर एक तासाने पुढे होत्या. शिवाय तिथे चार जोड्या आकडे असतात आणि शेवटची जोडी फ्रेमची असते, सेकंदांची नाही. यूट्यूबला फक्त तास, मिनिटं, सेकंदं द्यायची. त्यानंतर मी चढवलेल्या व्हिडिओवरूनच वेळा घेतल्या.

आता ज्या गोष्टीत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ती. चॅप्टर नेमका कोणत्या सेकंदाला सुरू करायचा?

माझी जुनी खूण होती 2:01:15. तिथे मी म्हणते, "चला, हा भाग झाला. आता थोडं पाणी पिऊ आणि मग बघू की हे करताना काय काय गडबड होते." त्यानंतर खिडक्या बंद करणं, फाइल शोधणं, ती सापडत नाही म्हणून हसणं. समोर बसलेल्या वर्गासाठी हे ठीक. सर्चमधून आलेल्याला पहिली ४३ सेकंदं हेच ऐकू येणार. "समजा इथे N/A आलाय" हे माझं वाक्य 2:01:58 ला सुरू होतं, तर खूण तिथे. मधली ४३ सेकंदं आधीच्या चॅप्टरच्या शेपटाला जातात, कारण चॅप्टरला स्वतःचा शेवट नसतो, पुढचा सुरू होईपर्यंत तो चालतो. बडबड अशी आधीच्याच्या गळ्यात घालायची. ती ४३ सेकंदं स्टुडिओच्या एडिटरमध्ये कापूनच टाकावीत असाही मोह झाला, पण मग पुढच्या प्रत्येक खुणेतून ४३ सेकंदं वजा करून डिस्क्रिप्शन हाताने बदलावं लागलं असतं. कापाकापी करायची असेल तर खुणा लिहायच्या आधी करा.

वाक्य सेकंदाच्या अधेमधे सुरू होत असेल तर आधीचा सेकंद घ्यायचा. अर्धा सेकंद शांतता कोणाला खटकत नाही, तुटलेला शब्द खटकतो.

याच्या उलट प्रकारही घडला. 'मजकूर म्हणून साठवलेले आकडे' हा भाग बोलण्यात 2:12:10 ला सुरू होतो: "आता हाच रोल नंबर बघा." कोणता हाच? तो नंबर, तो डावीकडे चिकटलेला, आणि शेजारच्या कॉलममधला उजवीकडे चिकटलेला, हे मी त्याआधी तेवीस सेकंद दाखवत होते. थेट तिथे उतरलेल्या माणसाला तो फरक कळलाच नसता आणि पुढचं सगळं डोक्यावरून गेलं असतं. म्हणून तिथे खूण मागे नेली, 2:11:47 वर. पुढे प्रत्येक खुणेवर मी हेच दोन प्रश्न विचारत राहिले: उत्तर लगेच सुरू होतंय का, आणि ते समजायला लागणारी वस्तू पडद्यावर आहे का? दोन्हींत भांडण झालं तर मी वस्तूच्या बाजूने गेले. दोन ठिकाणी "मघाशी पाहिलं तसं" असं म्हटलेलं आहे, त्यावर इलाज सापडला नाही. पुढचा व्हिडिओ बोलताना जीभ चावायची, एवढंच.

२२ मार्चला ही यादी सेव्ह केली. मधला तुकडा देते, बाकीची यादी अशीच आहे:

```
1:22:40 VLOOKUP म्हणजे काय, कधी वापरायचं
1:31:12 VLOOKUP चा फॉर्म्युला कसा लिहायचा
1:47:26 VLOOKUP ने दुसऱ्या शीटमधून माहिती आणणे
2:01:58 VLOOKUP मध्ये N/A एरर का येतो
2:04:31 नावातली जादा स्पेस TRIM ने काढणे
2:11:47 मजकूर म्हणून साठवलेले आकडे कसे बदलायचे
2:19:20 रेंज लॉक करणे : $ चा वापर
2:27:08 VLOOKUP चुकीचं उत्तर देतो : FALSE का लिहायचं
2:39:00 समारोप
```

स्क्रीनवर जे इंग्रजीत दिसतं ते इंग्रजीतच ठेवलं, बाकी मराठी. शीटमध्ये एरर `#N/A` असा दिसतो, पण शीर्षकात मी # घेतला नाही, कारण डिस्क्रिप्शनमध्ये # ला चिकटून अक्षर आलं की यूट्यूब त्याचा हॅशटॅग करतं. 'चुकीचं उत्तर देतो' हे शीर्षक मला विशेष आवडतं. फॉर्म्युल्याच्या शेवटी FALSE लिहिलं नाही तर VLOOKUP जवळपास जुळणारी ओळ धरतो, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलतंच उत्तर देतो, तेही एरर न दाखवता. अशा माणसाला 'अंदाजे जुळणी' हा शब्द कुठून सुचणार? त्याला फक्त उत्तर चुकलंय एवढं दिसतं.

लिहिण्याची पद्धत गूगलच्या सूचनांप्रमाणे ठेवली. प्रत्येक वेळ नव्या ओळीवर, शीर्षक त्याच ओळीत, शीर्षकात निदान एक शब्द, आणि ओळी वेळेच्या क्रमाने. व्हिडिओ स्वतःच्या वेबसाइटवर ठेवलेला असेल तर प्रकरण वेगळं. तिथे पानाच्या कोडमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी `Clip` लिहून `startOffset` ने सुरुवातीचा सेकंद देता येतो. माझा यूट्यूबवर असल्याने डिस्क्रिप्शनवर भागलं. सगळं मिळून दोन संध्याकाळी, साधारण पाच तास. पैसे काही लागले नाहीत.

पट्टीवरचे चॅप्टर्स लगेच बदलले. गूगलमध्ये काहीच नाही. 'Key moments' दाखवायचे की नाही, किती आणि कोणते, हे गूगल ठरवतं. अटी पाळल्या म्हणून हक्क मिळत नाही. हे ठाऊक असूनही पहिला आठवडा मी रोज सकाळी शोधून बघत होते. तेही चुकीच्या पद्धतीने, माझ्याच खात्यातून. आपल्या खात्यात आपण पाहिलेल्या गोष्टींचा परिणाम निकालांवर होऊ शकतो. नंतर खासगी विंडो उघडून बघायला लागले. एका वहीत तारीख, टाकलेला शोध आणि दिसलेलं चित्र असे तीन रकाने आखले. ही वही नसती तर मी तिसऱ्याच दिवशी घाबरून शीर्षकं पुन्हा बदलली असती, आणि मग कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं.

२ एप्रिलला, म्हणजे अकराव्या दिवशी, `vlookup n/a एरर का येतो` टाकल्यावर व्हिडिओखाली वेळांची रांग दिसली. आपल्याच यादीतून आलंय हे ओळखायची खूण सोपी आहे. गूगल कधी कधी व्हिडिओतले क्षण स्वतःही शोधून काढतं, तेव्हा शीर्षकं त्याची असतात. इथे शीर्षकं अक्षरशः माझी होती. 2:01:58 दाबलं, लिंकच्या शेवटी `t=7318` दिसलं, मी वहीच्या कोपऱ्यात दोन तास एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांचा हिशेब केला, ७,३१८ च आले. हिशेब करायची काही गरज नव्हती, पण अकरा दिवस थांबल्यावर माणूस असं करतो.

रांगेत सगळे चॅप्टर्स नव्हते. मोजकेच होते, आणि शोध बदलला की त्यांतले काही बदलत होते. यूट्यूबच्या स्वतःच्या सर्चमध्येही व्हिडिओखाली चॅप्टर्सची यादी उघडून बघता येत होती.

आता थोडं मन खट्टू करणारं. एप्रिलच्या मध्यावर अ‍ॅनालिटिक्स उघडलं तर व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो तो आकडा खाली आलेला. मी हादरले, सगळी यादी काढून टाकावी इथपर्यंत आले. मग प्रेक्षक टिकण्याचा आलेख नीट पाहिला. आधी तो डावीकडून उजवीकडे सरळ उतरत गेला होता आणि दोन तासांच्या पुढे जवळजवळ जमिनीला टेकला होता. आता 2:01:58 ला एक टेकडी, 2:27:08 ला दुसरी, जरा बुटकी. लोक येत होते, तीनेक मिनिटं बघत होते आणि जात होते. पावणेतीन तासांच्या मानाने तीन मिनिटं काहीच नाहीत, म्हणून सरासरी पडली. पण N/A चं उत्तर आहेच अडीच मिनिटांचं. ते मिळाल्यावर त्यांनी बसून तरी काय करायचं? यादी ठेवली.

टेकडीच्या आकारावरून आणखी एक कळलं. 2:04:31 ला टेकडी नव्हती, उलट 2:01:58 वरून आलेल्यांपैकी बरेच जण तिथे न थांबता पुढे सरकत होते. ऐकून पाहिलं तर कारण उघड होतं. स्पेसमुळे N/A येतो हे मी शीर्षकात म्हटलंच नव्हतं, नुसतं 'नावातली जादा स्पेस'. ज्याचा N/A स्पेसमुळे आलाय त्यालाच ते माहीत नसतं! `=LEN(A2)` ने अक्षरं मोजली की सहा अक्षरांच्या नावाला सात येतात, मग `=TRIM(A2)`, आणि N/A गायब: हा त्या सात मिनिटांचा गाभा. २० एप्रिलला शीर्षक बदलून 'नाव तेच दिसतंय तरी N/A : जादा स्पेस आणि TRIM' केलं. ते एकच, दुसरं काही नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात 2:04:31 ला छोटीशी टेकडी दिसली.

विद्यार्थिनीला मी तेव्हाच लिंक पाठवली होती. तिचा N/A स्पेसमुळेच आला होता.

'रेंज लॉक करणे : $ चा वापर' अजून एकदाही सर्चमध्ये दिसलेलं नाही. वही चाळली तेव्हा लक्षात आलं की लोकांचे शब्द मी स्वतः उतरवून घेतले होते आणि लिहिताना पुन्हा माझाच शब्द वापरला. काल ते 'फॉर्म्युला खाली ओढल्यावर चुकतो : $ कुठे लावायचा' असं केलंय. वहीत नवी तारीख टाकली आहे.